एकाच फॉरवर्डमध्ये तीन परीक्षांचे नियम

«AZ-104 असो, एडब्ल्यूएस असो नाहीतर पीएमपी, नियम सगळीकडे एकच. नापास झालात की १४ दिवस थांबायचं. दुसऱ्या वेळी अर्धीच फी लागते. तीनदा नापास झालात की कायमचे बाद. घाई असेल तर दुसऱ्या ईमेलवर नवं अकाउंट काढा, मग थांबावं लागत नाही. आणि प्रत्येक अपयश ट्रान्सक्रिप्टवर दिसतं, तेव्हा सांभाळून.»

अंधेरी-ठाण्याच्या क्लासांच्या ग्रुपांवर हा मेसेज फिरत असतो, आणि लोक त्याच्या भरवशावर तारखा ठरवतात. तो सरळ खोटा असता तर बरं झालं असतं. यातली बरीचशी वाक्यं कुठल्या ना कुठल्या परीक्षेला लागू पडतात, फक्त एकाची टोपी दुसऱ्याच्या डोक्यावर बसली आहे. मुंबईतली बरीच आयटी मंडळी मायक्रोसॉफ्टची AZ-104, म्हणजे अझूर अ‍ॅडमिनिस्ट्रेटरची परीक्षा देतात, म्हणून तीच धरून बोलू. बाकीच्या परीक्षा लागतील तिथे येतील.

आधी थांबण्याचं. AZ-104 मध्ये पहिल्यांदा नापास झालात तर फक्त २४ तास थांबायचं असतं. सोमवारी सकाळी ११ला परीक्षा संपली, तर मंगळवारी ११ नंतर तुम्ही पुन्हा बसू शकता. निकाल पडद्यावर तिथल्या तिथे दिसतो, त्यामुळे त्याची वाट बघण्यात वेळ जात नाही. १४ दिवसांची अट दुसऱ्यांदा नापास झाल्यावर सुरू होते, आणि पुढे तिसऱ्या-चौथ्या आणि चौथ्या-पाचव्या प्रयत्नाच्या मध्येही तीच लागते. पहिल्याच अपयशानंतर १४ दिवस थांबवणारी परीक्षा एडब्ल्यूएसची, म्हणजे अमेझॉनच्या क्लाउडची. कॉम्पटियाचं तिसरंच: पहिल्या आणि दुसऱ्या प्रयत्नात सक्तीचं अंतर नाही, १४ दिवस तिसऱ्यापासून. सिस्कोच्या लेखी परीक्षांना पाच दिवस, आणि ते नापास झाल्याच्या दुसऱ्या दिवसापासून मोजतात.

ही मुदत त्या एका परीक्षेपुरतीच असते, हेही मेसेज सांगत नाही. AZ-104 गेली म्हणून अझूरची प्राथमिक परीक्षा AZ-900 अडत नाही, ती तुम्ही दुसऱ्याच दिवशी देऊ शकता.

फीच्या बाबतीत मायक्रोसॉफ्ट साफ आहे: दुसरा प्रयत्न म्हणजे पुन्हा पूर्ण फी. एडब्ल्यूएसमध्येही तेच, असोसिएट पातळीची परीक्षा १५० डॉलरची असेल तर दुसऱ्यांदाही १५०च. मग अर्धी फी आली कुठून? आमच्या मते दोन गोष्टींची सरमिसळ झाली आहे. एडब्ल्यूएसची परीक्षा पास झालात की पुढच्या परीक्षेसाठी ५० टक्के सवलत मिळते. म्हणजे सवलत पास होणाऱ्याला आहे, आणि मेसेजने ती नापासाच्या पदरात टाकली. दुसरं, पीएमपी या प्रोजेक्ट मॅनेजमेंटच्या परीक्षेत पुन्हा बसण्याची फी खरोखर वेगळी आणि पहिल्या फीपेक्षा कमी असते. ती पीएमपी घेणाऱ्या पीएमआय या संस्थेची पद्धत, इतरांची नाही.

AZ-104 ची अमेरिकेतली फी १६५ डॉलर आहे, पण तिला डॉलरच्या भावाने गुणून बजेट धरू नका. भारतासाठी रुपयांत वेगळी किंमत असते आणि जीएसटी त्यावर वेगळा. परीक्षेच्या पानावर देश म्हणून भारत निवडला की ती दिसते.

बऱ्याच जणांची फी कंपनीच्या व्हाउचरमधून जाते, आणि पैसे खरे बुडतात ते तिथे. एका व्हाउचरवर एकदाच बुकिंग होतं. व्हाउचरवरच्या शेवटच्या तारखेच्या आत परीक्षा द्यावी लागते, नुसती तारीख घेऊन ठेवली तर चालत नाही. समजा, कंपनीने दिलेल्या एका जादा व्हाउचरची मुदत ३१ मार्च २०२६ आहे आणि तुम्ही शुक्रवारी, २० मार्चला दुसऱ्यांदा नापास झालात. १४ दिवस धरले की तिसरा प्रयत्न लवकरात लवकर ३ एप्रिलला. व्हाउचर तोवर संपलेलं, शिवाय तो दिवस गुड फ्रायडेचा, त्यामुळे सेंटर उघडं असेल का, तेही बघावं लागणार. हाच दुसरा प्रयत्न १३ मार्चला झाला असता तर तिसरा २७ मार्चला त्याच व्हाउचरवर बसला असता. म्हणून आर्थिक वर्षाअखेरीच्या व्हाउचरवर आधी शेवटची तारीख बघायची आणि मग उलटं मोजत यायचं. परीक्षेला २४ तासांपेक्षा कमी वेळ उरल्यावर तारीख बदलायला गेलात, किंवा गेलातच नाहीत, तर फी पूर्ण जाते. पावसाळ्यात लोकल बंद पडेल अशी धाकधूक असेल तर निर्णय आदल्या दिवशी सकाळीच घ्या.

आता «तीनदा». तीनचा आकडा पीएमपीचा आहे, आणि तिथेही शिक्षा जन्मठेपेची नाही. अर्ज मंजूर झाल्यावर मिळणाऱ्या एका वर्षाच्या पात्रतेत तीन प्रयत्न करता येतात. तिन्ही गेले तर शेवटच्या परीक्षेपासून एक वर्ष थांबायचं आणि नव्याने अर्ज करायचा. एडब्ल्यूएसमध्ये प्रयत्नांवर मर्यादाच नाही, दर वेळी १४ दिवस आणि पूर्ण फी एवढंच. मायक्रोसॉफ्टचा आकडा पाच आहे: १२ महिन्यांत पाच प्रयत्न.

या पाचामधली मेख मात्र वर्ष कधीपासून मोजतात यात आहे. ते जानेवारी ते डिसेंबर नसतं आणि शेवटच्या अपयशापासूनही मोजत नाहीत. ते तुमच्या पहिल्या प्रयत्नापासून सुरू होतं. कॅलेंडर घेऊन बघू. पहिला प्रयत्न सोमवारी, ५ जानेवारी २०२६ला. नापास. दुसरा मंगळवारी दुपारीही देता आला असता, पण नोकरी सांभाळून शनिवारी, १० जानेवारीला दिला. पुन्हा नापास. इथून १४ दिवसांचं चक्र: तिसरा २४ जानेवारी, चौथा ७ फेब्रुवारी, पाचवा २१ फेब्रुवारी. दुसऱ्यानंतर प्रत्येक वेळी पहिली मोकळी तारीख पकडली तर पाचही प्रयत्न ४७ दिवसांत संपतात. सहावा प्रयत्न मग ५ जानेवारी २०२७ आधी नाही. मधले साडेदहा महिने दार बंद.

तोच माणूस तिसरा प्रयत्न मार्चअखेरीस आणि चौथा जूनमध्ये देता, तर पाचवा हाताशी ठेवून डिसेंबरपर्यंत गेला असता आणि बंद दार त्याला दिसलंही नसतं. २४ तासांची सवलत मोहात पाडते ती इथेच. ६८० गुण पडले, पास व्हायला ७०० लागतात, म्हणून «उद्याच देऊन टाकतो» असं होतं. पण हे ७०० म्हणजे सत्तर टक्के नव्हेत. १००० पर्यंतच्या मोजपट्टीवर बसवलेला तो आकडा आहे, आणि ६८० वरून किती प्रश्न कमी पडले ते काढता येत नाही. एखादा पूर्ण विषय कच्चा असेल तर तो चोवीस तासांत पक्का होत नाही, आणि पाचातला एक मात्र जातो.

दुसऱ्या ईमेलचा सल्ला सगळ्यात घातक, कारण तो देणाऱ्याचं काहीच जात नाही. पुन्हा बसण्याचा नियम माणसाला लागू आहे, ईमेलला नाही. सेंटरवर किंवा घरून कॅमेऱ्यासमोर तुम्ही तेच सरकारी ओळखपत्र दाखवता, तेच नाव, तोच फोटो. पळवाट पकडली गेली तर पास झालेला निकालही रद्द होऊ शकतो आणि पुढच्या परीक्षांवर बंदी येऊ शकते. म्हणजे पास होऊनही हाती काही नाही.

काही जण हे न कळत करतात. पहिला प्रयत्न ऑफिसच्या ईमेलवर होतो, नोकरी बदलते, दुसरा प्रयत्न जीमेलवर होतो, आणि दोन वेगळी प्रोफाइल तयार होतात. हेतू वाईट नसतो, पण एक प्रमाणपत्र इकडे आणि एक तिकडे अशी विभागणी होते आणि जुनं ऑफिसचं खातं बंद झालं की त्यात लॉगिनही करता येत नाही. मायक्रोसॉफ्ट लर्नच्या प्रोफाइलमध्ये सेटिंगमधून एकाच प्रोफाइलला वैयक्तिक आणि ऑफिसचं अशी दोन्ही खाती जोडता येतात. नोकरी सोडण्याआधी ते करून घ्या. प्रोफाइलवरचं नाव ओळखपत्रावरच्या नावाशी अक्षरन् अक्षर जुळतंय का तेही त्याच वेळी बघा. वडिलांचं नाव एकीकडे आहे आणि दुसरीकडे नाही, लग्नानंतरचं आडनाव एकाच ठिकाणी बदललंय, असं असेल तर सेंटरच्या काउंटरवरून परत यावं लागू शकतं, आणि तीही फी जाते.

ट्रान्सक्रिप्टचं दोन वाक्यांत. मायक्रोसॉफ्टच्या ट्रान्सक्रिप्टवर मिळालेली प्रमाणपत्रं आणि पास झालेल्या परीक्षा येतात. एचआरला त्याची लिंक पाठवलीत तरी तुम्ही कितव्या प्रयत्नात पास झालात, हे त्यांना तिथून कळत नाही.

अपयशाचा खरा कागद म्हणजे स्कोअर रिपोर्ट, आणि तो फक्त तुमच्यासाठी असतो. त्यात प्रत्येक विषयासमोर एक पट्टी असते. पट्ट्यांची सरासरी काढू नका, कारण विषयांचं वजन सारखं नाही. AZ-104 मध्ये आयडेंटिटी आणि गव्हर्नन्सला २० ते २५ टक्के, काँप्युटला तेवढंच, स्टोरेज आणि नेटवर्किंगला प्रत्येकी १५ ते २०, आणि मॉनिटरिंगला १० ते १५ टक्के आहेत. मॉनिटरिंगची पट्टी सगळ्यात आखूड असली तरी काँप्युटची थोडी आखूड पट्टी तुम्हाला जास्त महागात पडली असू शकते. आधी काँप्युट घ्या: व्हर्च्युअल मशीन स्वतः उभं करून त्याचा आकार बदला, डिस्क जोडा, अव्हेलेबिलिटी सेट आणि झोन यांत कुठलं कधी वापरायचं ते करून बघा. लर्नवरची मोफत सराव चाचणी पुन्हा द्या, पण त्याच प्रश्नांची उत्तरं पाठ झाल्याने वाढलेले गुण हिशेबात धरू नका. स्टडी गाइडच्या पानावर विषयांची यादी कुठल्या तारखेपासून लागू आहे ते दिलेलं असतं. तुमच्या दोन प्रयत्नांच्या मध्ये ती तारीख येत असेल तर जुन्या नोट्स तपासून घ्या, आणि मगच `Schedule exam` वर क्लिक करा.