बाबांच्या वहीतले तीन रकाने

आज सकाळी त्रिमूर्तीनगरला बाबांकडे गेले होते. परत आल्यापासून राग उतरत नाहीये, म्हणून इथे लिहितेय. लांब होईल, पण वाचा.

तुमच्यापैकी बरेच जण बाबांना ओळखता. आयुष्यभर शाळेत गणित शिकवलं. आता वय ७६. रोज रात्री ९ वाजता पुण्यात ताईच्या मुलाला व्हिडिओवर दहावीचं गणित शिकवतात. दुपारपासून त्याची तयारी चालते. गेला दीड महिना ९ वाजले की चित्र थिजतं, आवाज तुटतो, आणि बाबा अर्ध्या प्रमेयावर "ऐकू येतंय का रे?" करत बसतात. इंटरनेट कंपनीकडे तीनदा तक्रार केली. तिन्ही वेळा 'तक्रारीचे निराकरण झाले आहे' असा मेसेज आला.

आज ११ वाजता चौथ्यांदा कंपनीचा मुलगा आला. स्वतःच्या फोनवर कंपनीचं स्पीड टेस्टचं पान उघडलं आणि बाबांसमोर धरलं. "बघा काका, २०३ येऊन राहिले. प्लॅन २०० चा आहे. तुमचा लॅपटॉप जुना झाला." बाबांनी आपली वही पुढे केली. त्यात तीन रकाने आखलेले आहेत, फोन, लॅपटॉप आणि कंपनीचं पान, आणि डावीकडे तारीख-वेळ. मुलानं वहीकडे पाहिलं, हसला आणि म्हणाला, "काका, हे आकडे वेगवेगळेच येतात, त्याला काही अर्थ नसतो."

त्याला काही अर्थ नसतो! म्हातारा माणूस १९ दिवस रोज दोन वेळा आकडे लिहितो, त्याला हसायचं नसतं, हे आपल्या लोकांना सांगायला लागू नये. आणि अर्थ नसतो हे तर साफ चूक. मी बारा वर्षं ऑफिसांमध्ये नेटवर्क लावायचं काम करतेय. बाबांच्या वहीतल्या प्रत्येक आकड्याला अर्थ आहे.

सकाळी ७ चे आकडे असे: हॉलमध्ये फोनवर बाहेरची टेस्ट, म्हणजे दुसऱ्या कंपनीच्या सर्व्हरवरची, १८८ एमबीपीएस, मागच्या खोलीत लॅपटॉपवर तीच टेस्ट ४१, आणि कंपनीचं पान फोनवर २०२. एकच कनेक्शन, एकच वेळ, तीन आकडे. कारण स्पीड टेस्ट 'इंटरनेट' नावाची एकच गोष्ट मोजत नाही. तुमच्या हातातल्या यंत्रापासून समोरच्या सर्व्हरपर्यंत जो रस्ता आहे, त्यातला सगळ्यात अरुंद भाग ती मोजते. यंत्र बदललं किंवा सर्व्हर बदलला की रस्ता बदलतो, आणि अरुंद जागाही बदलते.

लॅपटॉपचे ४१ कुठून आले ते मी आज तिथेच बसून पाहिलं. विंडोजमध्ये कमांड प्रॉम्प्टच्या काळ्या खिडकीत हे लिहायचं:

```
netsh wlan show interfaces
```

त्यात `Radio type` समोर 802.11n आणि `Receive rate (Mbps)` समोर 72.2 दिसलं. या लॅपटॉपचं वायफाय कार्ड फक्त २.४ गिगाहर्ट्झवर चालणारं, एका अँटेनाचं. राउटरशी त्याचा करारच ७२ चा. त्यातलेही सगळे हाती येत नाहीत, कारण वायफायवर एका वेळी एकच जण बोलू शकतो. प्रत्येक तुकड्यानंतर पोच द्यावी लागते, मध्ये थांबावं लागतं, आणि शेजारच्या चार फ्लॅटचे राउटर त्याच चॅनलवर बोलत असतात. ७२ चे ४०-४५ झाले तर ते ठीकच म्हणायचं. फोन ५ गिगाहर्ट्झवर होता, त्याचा करार ४३३ चा, म्हणून तिथे वायफाय आड आलं नाही आणि जवळपास पूर्ण प्लॅन दिसला. तोच फोन मागच्या खोलीत, लोखंडी कपाटाच्या पलीकडे नेला तर ६० वर येतो. ५ गिगाहर्ट्झ भिंती आणि लोखंडापुढे लवकर दमतं.

तर हो, लॅपटॉप जुना आहे. त्या मुलाचं तेवढं बरोबर होतं.

पण मग रात्रीचं काय? बाबांच्या वहीत रात्री ९ चे आकडे पाहा. फोन, बाहेरची टेस्ट: १४. लॅपटॉप, बाहेरची टेस्ट: ११. कंपनीचं पान: २०१. लॅपटॉप रात्री म्हातारा होतो का? सकाळी ४१ देणारं कार्ड रात्री ११ का देईल? आणि फोन तर नवा आहे, तो का १४ वर आला?

इथे बाबांनी जे केलं त्याचा मला फार अभिमान वाटला. मला न विचारता, एका रात्री त्यांनी एकाच लॅपटॉपवर, एकाच खुर्चीत बसून, लागोपाठ दोन पानं उघडली. कंपनीच्या पानावर ४०, बाहेरच्या टेस्टवर ११. खाली पेन्सिलीनं लिहिलंय: 'यंत्र तेच, जागा तीच, वेळ तीच. फरक फक्त समोरच्याचा.' गणिताच्या मास्तरानं बाकी सगळं स्थिर ठेवून एकच चल बदललं. लॅपटॉपमधून, वायफायमधून ४० जाऊ शकतात हे त्याच मिनिटाला सिद्ध झालं. म्हणजे ११ चा दोष घरातला नाही.

आता तो २०३ चा आकडा, जो बाबांच्या नाकासमोर धरला होता. कंपनीच्या टेस्टचा सर्व्हर कंपनीच्याच जाळ्यात असतो. घरातून फायबर, तिथून त्यांचं केंद्र, तिथे सर्व्हर, संपलं. आकडा खोटा नाही, हे मान्य करते. फायबर तुटलेली नाही आणि प्लॅन २०० चाच सोडलाय, एवढं त्यातून कळतं. पण ताईचा मुलगा कंपनीच्या केंद्रात राहत नाही. व्हिडिओला कंपनीच्या जाळ्यातून बाहेर पडून दुसऱ्या जाळ्यात जावं लागतं, आणि त्या सांध्याची जागा कंपनीनं ठरावीक क्षमतेचीच घेतलेली असते. रात्री ९ ला सगळं गाव नेटवर असतं, सांधा भरतो. कंपनीचं पान त्या सांध्यापर्यंत पोचतच नाही, म्हणून त्याला रात्रही कळत नाही. फाटकाच्या आतला रस्ता मोजून दाखवायचा आणि हायवेच्या जॅमबद्दल तक्रार करणाऱ्याला गाडी जुनी म्हणायचं!

आणि एक. व्हिडिओला ११ पुरायला हवेत. एका कॉलला साधारण ३-४ पुष्कळ होतात. बाबांनी मला हेच विचारलं, "मग ११ असून तुटतं का?" कारण भरलेल्या सांध्यावर वेग कमी होतो तेवढंच नाही, डेटाची पाकिटं रांगेत खोळंबतात आणि रांग भरली की टाकून दिली जातात. स्पीड टेस्ट एकदम अनेक जोडण्या उघडते आणि हरवलेलं पुन्हा मागवते, म्हणून तिचा आकडा तरी दिसतो. बोलणं पुन्हा मागवता येत नाही, क्षण निघून गेलेला असतो. हे पाहायला पिंग लागतं, म्हणजे छोटं पाकीट पाठवायचं आणि उत्तर येतं का, किती वेळात येतं ते पाहायचं. काल रात्री ९ वाजता बाबांना फोनवर सांगून हे करायला लावलं:

```
ping -n 100 192.168.1.1
ping -n 100 8.8.8.8
```

पहिला पत्ता घरच्या राउटरचा (तुमच्याकडे वेगळा असू शकतो), दुसरा बाहेरचा, गूगलचा. राउटरपर्यंत सरासरी ३ मिलिसेकंद आणि १०० पैकी एकही हरवलं नाही. बाहेर सरासरी १७० आणि ७ हरवले. आज सकाळी तेच बाहेरचं पिंग २४ होतं, हरवलं एकही नव्हतं. काही यंत्रं पिंगला मुद्दाम शेवटी उत्तर देतात, त्यामुळे एका पत्त्यावरच्या एका पिंगवर भांडायला जाऊ नका. पण सकाळी स्वच्छ आणि रात्री रोज खराब असेल, आणि त्याच वेळी बाहेरच्या टेस्टही पडत असतील, तर ते तसं सोडून देता येत नाही.

'बाहेरची टेस्ट' म्हणतेय तेही नीट समजून घ्या, नाहीतर फसाल. स्पीडटेस्टचं ॲप आपोआप जवळचा सर्व्हर निवडतं, आणि तो बऱ्याचदा तुमच्याच कंपनीनं लावलेला असतो. सर्व्हरचं नाव वाचा, आणि बदलून दुसऱ्या कंपनीचा, मुंबईचा वगैरे, निवडा. fast.com नेटफ्लिक्सच्या सर्व्हरवर चालतं आणि नेटफ्लिक्स आपले सर्व्हर कंपन्यांच्या जाळ्यात बसवतं, त्यामुळे बाहेर जॅम असला तरी तिथे आकडा छान दिसू शकतो. बाबांनी दोन वेगळ्या शहरांतले, दोन वेगळ्या कंपन्यांचे सर्व्हर घेतले होते. एकच सर्व्हर घेतला असता तर तोच दमलेला असेल, असं म्हणायला जागा राहिली असती.

लिहिता लिहिता थोडी शांत झालेय. त्या मुलावर इतकं रागवायला नको होतं. दिवसाला किती तक्रारी बंद करायच्या हे त्याला वरून सांगितलेलं असणार, आणि सांध्याची क्षमता वाढवणं त्याच्या हातात नाही. निघताना तो माझ्याशी नीट बोलला, पाणी प्यायला, म्हणाला, "ताई, आमाले तेच पान दाखवाले सांगतात." राउटरचं जुनं केबलही बदलून दिलं. माझा लॅपटॉप त्या केबलनं जोडला तर बरोबर ९४ वर अडकत होता. ९४-९५ वर अडकलं की समजायचं, केबलच्या आठपैकी चारच तारा लागल्यात किंवा पोर्ट १०० चं आहे. नवं लावल्यावर १९७ आले. केबल लगेच बदललं, चांगलं केलं.

पण वहीला हसला ते हसलाच. बाबा काही बोलले नाहीत, वही मिटून टेबलावर ठेवली. ते मला विसरता येत नाहीये.

वहीच्या पानांचे फोटो मी दुपारी कंपनीला पाठवले, पिंगसकट, आणि लिहून मागितलं की रात्री ९ ते १० तुमच्या जाळ्याबाहेरच्या सर्व्हरवर वेग का पडतो. तक्रार क्रमांक घेतलाय. पुन्हा नुसता 'निराकरण झाले' चा मेसेज आला तर त्याच कंपनीच्या अपील प्राधिकरणाकडे जाणार, तो मार्ग ट्रायच्या नियमांत आहे.

आत्ता ९ वाजून २० मिनिटं झालीत. बाबांचा फोन आला होता. लॅपटॉपवर कंपनीचं पान ३९, बाहेर १२. वर्ग ऑडिओवर चाललाय, पायथागोरस तोंडी सांगताहेत. वहीत विसाव्या दिवसाची ओळ लिहिली म्हणाले.