वर्णनाचा रकाना म्हणजे अभिप्रायवही नव्हे!

परवा आमच्या ग्रंथालयात एक वाचक पुस्तक शोधत होता. शीर्षकात ‘दुःख’ हा शब्द. संगणकावरच्या यादीत शोधलं, तर निकाल शून्य. आणि पुस्तक माझ्या पाठीमागच्या कपाटात! अर्धा तास घालवल्यावर कळलं, नोंद करणाऱ्या स्वयंसेवकाने विसर्गाऐवजी कोलन ठोकला होता. दिसायला ‘दु:ख’ अगदी तसंच दिसतं, पण संगणकाला ती दोन वेगळी चिन्हं आहेत. त्यात आमच्या सिस्टिममध्ये कोलन दिसला की पुढचा मजकूर उपशीर्षकात जातो. म्हणजे शीर्षक ‘दु’, उपशीर्षक ‘ख’ आणि बाकी सगळं. मला हसावं की रडावं कळेना.

अहो, हे मी सूचनापत्रात लिहिलंय. पहिल्याच पानावर! तपासायचं कसं तेही दिलंय: कर्सर त्या शब्दात नेऊन बाणाचं बटण दाबा. विसर्ग असेल तर बहुतेक ठिकाणी कर्सर ‘दुः’ एका उडीत ओलांडतो. कोलन असेल तर त्याच्या अलीकडे थांबतो. दोन सेकंदांचं काम. पण सूचनापत्र वाचायला वेळ कुणाला आहे?

बरं, एका चुकीवर भागेल तर शपथ. जुने वार्षिक अहवाल स्कॅन केले. तीन जणांनी तीन तऱ्हा केल्या. एकाचं ‘वार्षिक अहवाल १९८७-८८’, दुसऱ्याचं ‘अहवाल 88-89 (नवीन!!)’, तिसऱ्याने तर फाइलचंच नाव चिकटवलं, Scan_0043. एकाचं शीर्षक ‘वार्षिक’ने सुरू, दुसऱ्याचं ‘अहवाल’ने, त्यात एकाचे अंक देवनागरी, दुसऱ्याचे इंग्रजी, त्यामुळे यादी लावली की सलग वर्षांचे अहवाल एकमेकांपासून लांब जाऊन पडतात. नियम काय कठीण आहे? शीर्षक मुखपृष्ठावरून नाही, आतल्या शीर्षकपानावरून घ्यायचं, जसं छापलंय तसं. अंक मात्र सगळीकडे देवनागरी, हे आपलं ठरलेलं. ‘नवीन’, ‘फाटकं’, ‘दुसरी प्रत’ हे शीर्षक नाही हो! त्याला प्रतीच्या नोंदीचा वेगळा रकाना आहे, रिकामाच पडलेला असतो बिचारा.

आणि वर्णन? तिथे काय सापडलं सांगू? ‘खूप छान पुस्तक, सर्वांनी अवश्य वाचावे.’ दुसऱ्या नोंदीत शीर्षकच पुन्हा. तिसऱ्या नोंदीत नुसतं टिंब, कारण रकाना रिकामा ठेवला की सिस्टिम जतन करू देत नाही. टिंब! शोधाच्या यादीत शीर्षकाखाली वर्णनाची पहिली ओळच दिसते, पुढचं कापलं जातं. त्या ओळीत काय हवं? हे काय आहे, कशाबद्दल आणि कोणत्या काळातलं. त्या अहवालाचं लिहायचं तर: ‘ग्रंथालयाचा १९८७-८८ चा वार्षिक अहवाल; जमाखर्च, सभासदसंख्या आणि नव्या ग्रंथांची यादी.’ झालं. एवढंच. यात ‘छान’ कुठे बसतं ते दाखवा मला.

आता शोधात ‘:’ टाकून एकेक नोंद उघडतेय. खऱ्या उपशीर्षकांचे कोलन तसेच ठेवायचे आहेत, त्यामुळे सरसकट बदलताही येत नाही. आत्ताशी ‘अ’ चालू आहे, आणि ‘अंत:करण’ने सुरुवातीलाच स्वागत केलंय.