नियर मी म्हणजे कोण?

रविवारी रात्रीपासून माझ्या बायकोच्या शिकवणीला दोन तारे चिकटले आहेत. अकरा पालकांनी पाच-पाच दिले होते. बाराव्या बाईंनी दोन दिले आणि खाली लिहिलं, "शिकवणी चांगली असेल. आम्हाला लांब पडते." पंचावन्न अधिक दोन, भागिले बारा, हे विद्याने भाजी परततानाच तोंडी केलं आणि "पावणेपाच" एवढंच म्हणाली. गणिताच्या बाईंशी संसार केला की आपला अपमानसुद्धा दोन दशांश स्थळांपर्यंत मिळतो.

आधीचं थोडक्यात सांगतो. मी चौतीस वर्षं पोस्टात काढली, त्यातली बरीच टपाल छाटण्यात. निवृत्त झाल्यावर पोस्टातून सुटलो आणि पोस्टी लिहायला लागलो. विद्या आमच्या इंदूरच्या सुदामा नगरातल्या घरात, पुढच्या खोलीत, नववी-दहावीला गणित शिकवते. मागच्या गल्लीत कुणीतरी मोठा क्लास काढला आणि तिची मुलं कमी झाली. गुगलच्या नकाशावर शिकवणीची नोंद होतीच, म्हणून तिथे दर आठवड्याला काहीबाही टाकायचं काम मी अंगावर घेतलं. मला कुणी सांगितलं नव्हतं, हे विद्या आवर्जून सांगते.

माझी पहिली पोस्ट अशी होती: "सुदामा नगर, अन्नपूर्णा, द्वारकापुरी, फूटी कोठी, गुमाश्ता नगर, राजेंद्र नगर, लोकमान्य नगर, रामबाग, राजवाडा, पलासिया, तिलक नगर, विजय नगर येथील सर्वोत्तम मॅथ्स ट्यूशन नियर मी." पुढे फोन नंबर. ती नाकारली गेली, कारण तिथल्या पोस्टच्या मजकुरात फोन नंबर चालत नाही. नोंदीवर फोनचं बटण वेगळं असतं. मी नंबर काढला आणि बारा वस्त्या तशाच ठेवल्या. मग तोच मजकूर मराठी मंडळाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवरही टाकला. आपलीच माणसं आहेत, म्हटलं.

रविवारी अकराच्या सुमाराला फाटकाशी ऑटो थांबली. साठीच्या एक बाई उतरल्या, मागून नववीतला नातू उतरला. बाईंनी आधी फाटकावरची माझ्या नावाची पाटी वाचली, मग घराकडे पाहिलं, मग पर्समधून चष्मा काढून मोबाइल हातभर लांब धरला.

"हे तुम्हीच लिहिलंय?"

"हो," मी म्हणालो. कौतुक होणार असं मला वाटलं, हे इथे कबूल करून टाकतो.

"'विजय नगर येथील सर्वोत्तम.' हे विजय नगर आहे का?"

"नाही, हे सुदामा नगर."

"ते मला ऑटोवाल्याने सांगितलं. मी विजय नगरातूनच आलेय. म्हटलं मुख्य शाखा इकडे असेल. आमच्याकडची शाखा कुठे आहे?"

"शाखा अशी नाही."

"मग आमच्याकडे तुमचं सर्वोत्तम काय आहे?"

मी म्हणालो, तिकडच्या मुलांनाही इथे येता येतं, एवढाच अर्थ. बाई म्हणाल्या, येता तर उज्जैनहूनही येतं, मग उज्जैन का नाही लिहिलं? (खरं सांगायचं तर उज्जैन पुढच्या आठवड्यात घ्यायचं होतं.)

"बरं, आणि हे नियर मी. यातला मी म्हणजे कोण?"

"म्हणजे... शोधणारा."

"म्हणजे मी."

"हो, तुम्ही."

"पण लिहिलंय तुम्ही."

"मी तुमच्या वतीने लिहिलंय."

"माझ्या वतीने तुम्ही लिहिलंत की हे माझ्या जवळ आहे. आणि मी इथे दोनशे चाळीस रुपये देऊन आले."

यावर गप्प बसायला हवं होतं. मी म्हणालो, "आता मात्र अगदी जवळ आहे." नातू हसला. बाई हसल्या नाहीत. तेवढ्यात ऑटोवाल्याने डोकं बाहेर काढलं. तो परतीच्या भाड्यासाठी थांबला होता आणि पहिल्या वाक्यापासून ऐकत होता. "अंकल," तो म्हणाला, "पता तो एक ही होता है ना."

पोस्टात चौतीस वर्षं काढलेल्या माणसाला, त्याच्याच फाटकाशी! 1972 साली पिनकोड आला तो याचसाठी. 452 म्हणजे इंदूर, पुढचे तीन आकडे वाटप करणाऱ्या कचेरीचे. आमचा 452009, बाईंचा 452010. कागदावर एकाचाच फरक, पण मध्ये अख्खं शहर. ज्या पाकिटावर बारा पत्ते असतील ते बारा ठिकाणी जात नाही. छाटणीच्या टेबलावरून ते थेट बेवारशी टपालात जातं. अशी पाकिटं मी स्वतःच्या हातांनी बाजूला टाकली आहेत, वर लिहिणाऱ्याच्या अकलेबद्दल चार शब्द बोलून.

विद्याने सगळ्यांना आत घेतलं. पोहे केले होतेच. इंदूरला रविवारी ते असतातच, आणि ऑटोवाल्याने शेव वरून मागून घेतली. खाता खाता बाई विचारत होत्या: सीबीएसई की एमपी बोर्ड? एका तुकडीत किती मुलं? किती वाजता सुटते? सायकल कुठे ठेवायची? परीक्षा घेता का, त्याचे पेपर घरी दाखवता का? माझ्या पोस्टमध्ये यातल्या एकाही प्रश्नाचं उत्तर नव्हतं. बारा वस्त्या होत्या आणि "सर्वोत्तम" होतं.

मला मात्र एक गोष्ट छळत होती. बाईंना विजय नगरात मी दिसलो, म्हणजे माझी युक्ती चाललीच की! रोज संध्याकाळी मी सोफ्यावर बसून "maths tuition near me" टाकून बघत असे आणि रोज आमची शिकवणी पहिली येत असे. विद्याला ते दोनदा दाखवलंही होतं. पुण्याला संगणकात काम करणाऱ्या भाच्याला मी हे अभिमानाने फोनवर सांगितलं. तो म्हणाला, "मामा, तुम्ही शिकवणीच्या खोलीत बसून शिकवणी शोधताय. पहिली नाही तर कितवी येणार?"

नकाशावर कुणाला वर दाखवायचं ते तीन गोष्टींवरून ठरतं, असं गुगल स्वतःच सांगतं: शोधणाऱ्याला हवं ते तुमच्याकडे आहे का, तो उभा आहे तिथून तुम्ही किती लांब, आणि लोक तुम्हाला किती ओळखतात. "नियर मी" मधला मी कुठे आहे हे शोधणाऱ्याचा मोबाइल सांगतो. ते शब्द आपल्या मजकुरात लिहिणं म्हणजे पाकिटावर "पोहोचेल त्याच्या घरी" असा पत्ता घालण्यासारखं आहे. आणि वस्त्यांच्या नावांची नुसती माळ ओवली म्हणून अंतर कमी होत नाही. आपल्या संकेतस्थळावर ओवली तर गुगलच्या नियमांत तिची गणती थेट कचऱ्यात होते.

तरी मी विजय नगरातल्या मावसभावाला तेच शब्द त्याच्या घरून शोधायला सांगितले. त्याने स्क्रीनचा फोटो पाठवला. त्यात त्याच्या आसपासचे क्लास होते, आमचं नाव नव्हतं. खाली-खाली सरकवून पाहिलं, तरी नव्हतं. मग बाई आल्या कशा? मंडळाच्या ग्रुपवरून. माझाच मजकूर कुणीतरी पुढे ढकलला, त्यांनी आणखी पुढे, आणि तो विजय नगरात अगदी बरोबर पोहोचला. शोधणाऱ्या यंत्राने माझ्याकडे ढुंकून पाहिलं नाही. फसली ती माणसं, तीही आपलीच.

तारे काढून टाकता येतील का, तेही विचारलं. भाचा म्हणाला, शिवीगाळ असेल किंवा खोटं असेल तर तक्रार करता येते. "लांब पडते" यात खोटं काय आहे? उत्तर देता येतं. मी दिलं: "आपले म्हणणे बरोबर आहे, परंतु अंतर हा शिकवणीचा दोष नसून भूगोलाचा आहे." विद्याने ते पुसून "आपण आलात, आभार. मजकूर दुरुस्त केला आहे" असं लिहिलं. भूगोलाचं वाक्य चांगलं होतं, असं माझं अजूनही मत आहे.

मग दुरुस्त करणं आलं. बाईंनी विचारलेले प्रश्न विद्याने वहीत उतरवून ठेवले होते. त्यांची उत्तरं एकाखाली एक लिहिली तर पोस्ट आपोआप झाली. हजारभर अक्षरं मी "प्रदीर्घ अनुभव" वगैरेवर उधळणार होतो, कारण मर्यादा पंधराशेची आहे. पण यादीत सुरुवातीच्या ओळीच दिसतात, बाकीचं उघडावं लागतं. म्हणून ठिकाण आणि इयत्ता आधी घेतली. टाकली हिंदीत, इथे मराठीत देतो:

"सुदामा नगरात नववी-दहावीचं गणित, सीबीएसई आणि एमपी बोर्ड, दोन्हींच्या वेगळ्या तुकड्या. एका तुकडीत आठ मुलं. संध्याकाळी साडेपाच ते सात. फूटी कोठीकडून आलात तर मुख्य रस्त्यावरच्या पिठाच्या गिरणीशी डावीकडे वळा, तिसरं घर, फाटकाशी बकुळीचं झाड. सायकली अंगणात राहतात. द्वारकापुरीची मुलं सायकलनेच येतात. दर शनिवारी पेपर, तो सोमवारी तपासून घरी."

द्वारकापुरी ठेवली, कारण तिथून खरंच तीन मुलं येतात आणि ती कशी येतात ते सांगता आलं. राजवाड्याबद्दल असं एकही वाक्य मला सुचेना, म्हणून राजवाडा काढला. "सर्वोत्तम" विद्याने काढलं. नोंदीच्या नावातही मी "बेस्ट मॅथ्स सुदामा नगर" जोडून ठेवलं होतं. तेही गेलं, कारण तिथे पाटीवर असेल तेच नाव चालतं. जास्तीचं जोडलं तर नोंदच अडकू शकते.

आणि इथे लक्षात आलं की पाटीच नाही. फाटकावर आठ वर्षं फक्त माझं नाव आहे, खाली "निवृत्त, डाक विभाग". ऑटोवाला जाताना हे म्हणालाही होता, "बाहर बोर्ड तो लगवाओ, अंकल," आणि मी त्याला शेवेचे उपकार ऐकवले होते.

काल पेंटरला बोलावलं. त्याला नवी पोस्ट पाठवली, गिरणी, डावीकडे, तिसरं घर, बकुळ. साडेचारला त्याचा फोन आला. "अंकल, झाड के नीचे खड़ा हूँ. पर यहाँ तो किसी डाक वाले का घर है."