सुई उलटी की सुलटी?

बारावीच्या प्रॅक्टिकलला माझ्या वाट्याला अंतर्गोल भिंग आलं; त्याचं नाभीय अंतर काढायचं होतं. या भिंगाची प्रतिमा आभासी, म्हणजे दिसते पण हाती लागत नाही. म्हणून आधी बहिर्गोल भिंगाकडून खरी प्रतिमा पाडून घ्यायची आणि मग तिच्या वाटेत हे मधे घुसवायचं.

पहिला भाग निभावला. बेंचच्या पट्टीवर वस्तूची सुई १० सेंटीमीटरवर, बहिर्गोल भिंग २५ वर. एक डोळा मिटून मान डावी-उजवीकडे हलवत दुसरी सुई सरकवत गेलो. सुई आणि उलटी प्रतिमा टोकाला टोक लावून एकत्र हलायला लागल्या, तेव्हा सुई ५५ वर होती. लांबून पाहणाऱ्याला मी कुणाला तरी 'नाही, नाही' म्हणतोय असंच वाटलं असेल.

मग अंतर्गोल भिंग ३३ वर ठेवलं आणि प्रतिमा हरवली. प्रतिमा पुढे सरकते एवढं पुस्तकात वाचलं होतं, म्हणून सुई ८० वर, १०० वर, १३० वर नेली. दीड मीटरचा बेंच संपला, पाठ भिंतीला टेकली. भिंगात मात्र एक जाडजूड, पुसट सुई निवांत उभी.

लॅबमधले काका हातातला चहा न सांडता म्हणाले, "उलटी दिसतेय की सुलटी?"

"सुलटी."

"मग ती येत नाही. बेंच कल्याणपर्यंत नेलास तरी नाही."

पहिल्या प्रतिमेपासून भिंगाचं अंतर त्याच्या नाभीय अंतरापेक्षा जास्त झालं, की ते किरणांना एकत्र येऊच देत नाही. माझं अंतर २२ होतं आणि भिंग होतं २० चं. पण हे तेव्हा कुणाला ठाऊक? तेच तर काढायचं होतं!

घाबरून भिंग थेट ५२ वर आणलं. प्रतिमा लगेच सापडली, जेमतेम अर्धा सेंटीमीटर पुढे. भिंगापासून पहिल्या प्रतिमेचं अंतर u आला ३, नव्या प्रतिमेचं अंतर v आला ३.४, उत्तर साडेपंचवीस. पुन्हा पाहिलं तर v ३.६, उत्तर अठरा! सूत्र f = uv/(u−v); खाली उरणारी वजाबाकी इतकी चिमुकली, की सुई दोन मिलिमीटर इकडची तिकडे झाली तरी उत्तर साडेसातने पळतं.

शेवटी भिंग ४३ वर स्थिरावलं. सुई मिळाली ७३ वर, आणि उलटी! जीव भांड्यात पडला. u १२, v ३०. ३६० भागिले उणे १८, म्हणजे उणे २०.

एक्स्टर्नल सर आले, आकडे पाहिले, "छान" म्हणाले आणि सही करायला जर्नल टेकवलं ते नेमकं बेंचवर. बहिर्गोल भिंगाचा स्टँड २५ वरून २६ वर गेला.

माझी अजून दोन रीडिंगं बाकी होती.