दोघांनाही येत नसेल तर?

"साठ पोरांच्या वर्गात जोडीनं चर्चा म्हणजे आठवडी बाजार. दोघांनाही येत नसेल तर चुकीचंच पक्कं होतं. हुशार पोर बोलतं, दुसरं मान डोलावतं. पोर्शन राहतो तो वेगळाच. परदेशी फॅड आहे सगळं."

हा फॉरवर्ड परवा रात्री धाकट्या बहिणीनं मला पाठवला. ती निपाणीकडच्या एका मराठी शाळेत सातवीला गणित घेते, पट ५८. खाली एवढंच लिहिलेलं, "अक्का, बंद करू काय?" आमच्या खानापूरच्या ग्रुपवरही तोच मजकूर फिरतोय, म्हणून तिला फोनवर जे सांगितलं ते इथं लिहिते.

परदेशी आहे, होय की. मेरीलँड विद्यापीठातल्या फ्रँक लायमन यांनी ही पद्धत थिंक-पेअर-शेअर नावानं १९८१ मध्ये मांडली. इंग्रजी नाव नको असेल तर 'आधी विचार, मग जोडी, मग वर्ग' म्हणा. पुढं चला.

माझं डोकं फिरलं ते दुसऱ्या वाक्यावर, कारण ते ऐकायला शहाणपणाचं वाटतं. याच शंकेची तपासणी कोलोरॅडो विद्यापीठात झाली आणि २००९ मध्ये 'सायन्स' नियतकालिकात आली. विषय जनुकशास्त्र. विद्यार्थ्यांनी आधी एकट्यानं उत्तर दिलं, मग शेजाऱ्यांशी बोलून त्याच प्रश्नाचं उत्तर पुन्हा दिलं. बरोबर काय हे न सांगताच त्याच कल्पनेवरचा दुसरा प्रश्न त्यांना पुन्हा एकट्यानं सोडवायला लावला. बरोबर उत्तरांचं प्रमाण आधी ५२ टक्के होतं, चर्चेनंतर ६८ झालं आणि नव्या प्रश्नावर ७३. सुरुवातीला ज्या गटांत कुणालाच येत नसावं, त्यांतही सुधारणा दिसली. ती कॉलेजची पोरं होती, हे खरं. पण हे घडतं कसं, ते सातवीतही दिसतं.

बहिणीनं फळ्यावर लिहिलं होतं: ०.४५ मोठं की ०.५? एक मिनिट कुणी बोलायचं नाही, उत्तर आणि कारण वहीत लिहायचं. एका मुलीनं लिहिलं ०.४५, कारण ४५ पाचापेक्षा मोठे. शेजारणीनं लिहिलं ०.५, कारण आकडे कमी असले की संख्या मोठी. म्हणजे उत्तर बरोबर, कारण साफ चुकीचं. येत दोघींनाही नव्हतं. पण उत्तरं जुळेनात म्हणून पटवून देणं आलं, आणि त्या वादात पहिलीच म्हणाली, "अगं, ०.५ किलो म्हणजे अर्धा किलो, ५०० ग्रॅम. मग ०.४५ किलो ४५० ग्रॅमच होणार की." तिचं तिलाच कळलं. नुसते हात वर करायला लावले असते, तर शेजारणीला शाबासकी मिळून तिची चूक तशीच राहिली असती.

म्हणून वर्गासमोर उत्तर नाही, कारण विचारायचं. आणि लगेच ०.३ आणि ०.४५ देऊन पुन्हा एकट्यानं लिहायला लावायचं. 'आकडे कमी ती मोठी' म्हणणारी पोरं इथं हटकून ०.३ लिहितात.

आता नाइलाजानं एक कबूल करते. दोघांचीही चूक एकच असली आणि बाईंनी जोडीवरच विषय संपवला, तर ती चूक खरंच घट्ट होते. त्या एका मिनिटात रांगांमधून फिरून वह्या बघा. जवळपास सगळ्यांनी एकच चूक केली असेल तर जोड्या करू नका, सरळ शिकवा. 'कर्नाटकाची राजधानी कोणती' असल्या प्रश्नालाही जोडी लावू नका. तिथं बोलण्यासारखं आहे काय?

मान डोलावणं होतं ते लिहायचं मिनिट खाल्लं की. दोन वह्यांत शब्दन्‌शब्द सारखं कारण दिसलं तर समजा, विचार एकानंच केला. आधी खिडकीकडच्यानं बोलायचं, मग दुसऱ्यानं, आणि वर्गासमोर उठवलं की "शेजारणीनं काय सांगितलं?" असं विचारायचं. मग ऐकावंच लागतं.

पोर्शनचा हिशेब सोपा आहे. ५८ जणांना एकेक करून अर्धा अर्धा मिनिट दिला तर २९ मिनिटं जातात, तास संपला. जोडीत सगळे मिळून एका मिनिटात बोलून होतात. गोंगाट होतो, पण दोन मिनिटांच्या पुढं सोडलात तर क्रिकेट सुरू होतं, ती चूक घड्याळ न बघणाऱ्याची.

बहिणीचा खरा प्रश्न फॉरवर्डमध्ये नव्हताच. "आमच्या बाकावर तिघं बसतात गं, मधल्याचं काय?"

तिघांचाच गट कर, म्हटलं, आणि आधी मधल्याला बोलायला लाव.