रेट मास्टर: विनाकारण अडलेली बिलं आणि न अडलेलं एक बिल

ग्राहकाचा अभिप्राय (५ पैकी २ तारे):
“कुपवाड एमआयडीसीत आमचं मशीन शॉप आहे. बिलाचा रेट करारातल्या रेटशी आपोआप ताडायला तुमची सिस्टीम घेतली. चार महिन्यांत रोज बिलं ‘रेट मिसमॅच’ म्हणून अडतात आणि तपासली की बहुतेक बरोबर निघतात. कटिंग ऑइलचं बिल तर दर वेळी अडतं. सप्लायर वैतागलेत. तक्रार केली तर तुमच्या माणसाने २ टक्के टॉलरन्स टाकून दिला. आणि जुलैत ईएन-८ बारचं जुन्या रेटचं बिल मात्र सरळ पास झालं. ४,२०० किलोवर ७,१४० रुपये जादा गेले. ते आम्हीच हाताने शोधलं. मग सिस्टीम कशाला?”

मालकांचं उत्तर:

नमस्कार साहेब. आपल्या मास्टरचा, म्हणजे सिस्टीममधल्या करारातल्या दरांच्या यादीचा, बॅकअप आणि अडलेल्या बिलांची यादी मी स्वतः पाहिली. चूक आमच्या मांडणीतच आहे, आपल्या अकाउंट्सच्या लोकांची नाही. ती नेमकी कुठे आहे ते इथेच लिहितो, कारण सांगली-मिरजेतल्या ज्या कारखान्यांत असं मास्टर चालतं तिथे हीच गाठ बसलेली असू शकते.

बारच्या बिलापासून सुरुवात करतो. दोष २ टक्क्यांपर्यंतचा फरक चालवून घेणाऱ्या त्या टॉलरन्सचा असावा असं वाटतं, पण या बिलापुरता तो नाही. नवा दर ७०.८० रुपये किलो, बिलातला ७२.५०, म्हणजे फरक १.७० चा. ७०.८० चे २ टक्के १.४२ होतात, तेव्हा सिस्टीमजवळ नवा दर असता तर बिल अडलंच असतं. तो दर तिच्याजवळ नव्हता. बिल ६ जुलैचं, ते पास झालं १० तारखेला. १ जुलैपासून लागू असलेलं दर-दुरुस्तीचं पत्र १२ तारखेचं आहे आणि मास्टरमध्ये त्याची नोंद १८ तारखेला झाली. म्हणजे १० तारखेला मास्टरच्या हिशोबाने ७२.५० हाच दर बरोबर होता.

पत्र उशिरा येणारच. स्टीलचे दर तिमाहीला ठरतात आणि बोलणी तिमाही उलटल्यावरही चालू राहतात, हे बाजारात नेहमीचंच आहे. आमचं चुकलं ते दुसरीकडे. आपला करार ३० जूनपर्यंतचा होता, पण दराच्या ओळीत ‘पर्यंत’ या रकान्यात आमच्या माणसाने ३१-१२-२०९९ टाकून ठेवलं. ‘दर संपला’ म्हणून सारखं अडू नये, हा त्याचा विचार. तिथे ३०-०६ असतं तर ६ जुलैच्या बिलाला दरच सापडला नसता, बिल ‘दर नाही’ म्हणून थांबलं असतं आणि आपल्या परचेसला सप्लायरला फोन करावा लागला असता. करार ज्या दिवशी संपतो त्याच दिवशी दराची ओळही संपली पाहिजे. आणि दर न सापडलेली ओळ थांबलीच पाहिजे. काही ठिकाणी अशी ओळ ‘ताडायला काही नाही’ म्हणून पुढे सोडतात. त्या मास्टरचा उपयोग शून्य.

आता अडलेल्या बिलांचं बघू. १८ जुलैला नवा दर चढवताना जुन्याच ओळीतला ७२.५० खोडून ७०.८० लिहिला गेला. झालं असं की २९ जूनला निघालेला माल, त्याच तारखेचं बिल, माल पोचल्याची २ जुलैची जीआरएन, आणि बिल अकाउंट्सच्या टेबलावर आलं २० जुलैला. सप्लायरने लावलेला ७२.५० अगदी बरोबर होता, पण मास्टरमध्ये तो दर उरलाच नव्हता. अशी ९ बिलं आपल्या यादीत आहेत. दर बदलला की जुन्या ओळीला हात लावायचा नाही. तिची ‘पर्यंत’ तारीख करारानुसार राहू द्यायची आणि खाली ‘१ जुलैपासून, ७०.८०’ अशी नवी ओळ घालायची.

त्यात कोणत्या तारखेचा दर धरायचा हेही पक्कं हवं. आपल्या करारात ‘डिस्पॅचच्या दिवशीचा दर’ असं स्पष्ट लिहिलंय. आमच्या सिस्टीममध्ये मात्र जीआरएनची तारीख लावली होती, म्हणून महिनाअखेर निघून पुढच्या महिन्यात पोचलेला प्रत्येक ट्रक चुकीच्या दराशी ताडला गेला. मालाचं कर-बीजक माल निघताना किंवा त्याआधी करावं लागतं, त्यामुळे बहुतेक वेळा बिलाची तारीख डिस्पॅचच्या जवळचीच असते. तरी तिमाहीच्या सांध्यावरच्या बिलांना ई-वे बिलाची तारीख पाहून घ्यावी. दुसऱ्या एखाद्या सप्लायरच्या करारात ‘ऑर्डरच्या दिवशीचा दर’ असू शकतो. म्हणून हा नियम प्रत्येक करारापुढे वेगळा लिहावा लागतो, सगळ्यांना एकच चालत नाही.

ज्यांच्याकडे सिस्टीम नाही आणि एक्सेलवरच काम चालतं त्यांनाही एवढी तपासणी करता येते. Rate शीटमध्ये A सप्लायर कोड, B आयटम कोड, C एकक, D पासून, E पर्यंत, F दर. बिलांच्या शीटमध्ये A आणि B तसेच, C मध्ये डिस्पॅचची तारीख. दर आणण्याआधी त्या तारखेला किती ओळी लागू आहेत ते मोजायचं:

```
=COUNTIFS(Rate!A:A,A2,Rate!B:B,B2,Rate!D:D,"<="&C2,Rate!E:E,">="&C2)
```

उत्तर १ आलं तरच पुढे जायचं. शून्य म्हणजे दर नाही. २ म्हणजे जुनी ओळ बंद न करता नवी घातली गेली आणि तारखा एकमेकींवर चढल्या. अशा वेळी SUMIFS ने दर आणला तर दोन्ही दरांची बेरीज येते आणि ७०.८० ऐवजी १४३.३० दिसतात. ‘पर्यंत’चा रकाना कोरा सोडला तर ती ओळ मोजलीच जात नाही, हेही ध्यानात असू द्या.

कटिंग ऑइलचं दुखणं एककाचं आहे. करार १६८ रुपये लिटरचा, बिल येतं बॅरलवर: २ बॅरल, दर ३५,२८०. सिस्टीम ३५,२८० आणि १६८ ताडते आणि अडवते. मास्टरमध्ये ‘१ बॅरल = २१० लिटर’ अशी नोंद असती तर ३५,२८० भागिले २१० म्हणजे बरोबर १६८ आले असते आणि बिल सुटलं असतं.

पण ही नोंद आम्ही डोळे झाकून २१० ने भरणार नाही. बॅरलमध्ये किती तेल भरतात ते सप्लायरनुसार बदलतं, आणि २०५ लिटरचा बॅरल ३५,२८० ला आला तर लिटरचा दर १७२.१० पडतो. दोन बॅरलमागे १० लिटर, म्हणजे १,६८० रुपये, गेले आणि तपासणीत मात्र ‘दर बरोबर’ असं दिसलं. म्हणून परिमाण करारातून घ्यायचं आणि स्टोअरने जीआरएन करताना बॅरलच्या लेबलावरचे लिटर लिहायचे. भागाकार करायचा तो या लिटरनेच.

आता त्या २ टक्क्यांबद्दल. हा सगळ्यात वाईट उपाय होता आणि तो आमच्याकडून झाला, याचं मला फार वाईट वाटतं. मिसमॅच कमी दिसावेत म्हणून टॉलरन्स वाढवला की बरोबर बिलं अडायची थांबत नाहीत, कारण लिटर आणि बॅरलमधला फरक २ टक्क्यांचा नसतोच. अडायची थांबतात ती किलोमागे रुपया जादा लावलेली बिलं. ७०.८० च्या जागी ७१.८० लावला तर तो फरक दीड टक्क्याच्याही आत बसतो आणि ४,२०० किलोवर प्रत्येक वेळी ४,२०० रुपये शांतपणे जातात. टॉलरन्स फक्त पैशांच्या राउंडिंगसाठी असतो. आपल्याकडे दरात किलोमागे ५ पैसे आणि बिलाच्या एकूण रकमेत १ रुपया, एवढा पुरेसा आहे. करारापेक्षा कमी दर आला तर बिल अडवू नका, पण नोंद दिसू द्या. बहुतेक वेळा आयटम चुकलेला असतो किंवा मागून डेबिट नोट येणार असते.

ताडताना जीएसटीशिवायचा मूळ दर घ्यायचा, हे आपल्याकडे आधीपासून बरोबर आहे. भाड्याचं मात्र बघावं लागेल. दोन सप्लायरचे दर कुपवाड पोच आहेत, तरी त्यांच्या बिलांत भाड्याची वेगळी ओळ येते आणि ती मास्टरमध्ये नसल्याने आजवर न ताडता गेली. या बिलांची यादी आपल्याला मेल केली आहे.

गेलेले ७,१४० परत येतील. त्यावर १८ टक्के जीएसटी १,२८५.२० धरून ८,४२५.२० रुपयांची क्रेडिट नोट सप्लायरकडून मागा. आपण नुसती डेबिट नोट टाकून पैसे कापले तर हिशोब जुळतो, पण सप्लायरचा कर कमी होत नाही. तो कमी करायचा तर त्यानेच जीएसटी कायद्याच्या कलम ३४ प्रमाणे क्रेडिट नोट काढून रिटर्नमध्ये दाखवावी लागते, आणि आपल्याला तेवढं इनपुट क्रेडिट उलटवावं लागतं. मुदत आर्थिक वर्ष संपल्यानंतरच्या ३० नोव्हेंबरपर्यंत असते, वार्षिक रिटर्न त्याआधी भरला तर तिथपर्यंतच. तेव्हा हे आताच मागितलेलं बरं.

त्या तारखांत असं आणखी एखादं बिल गेलंय का, तेही पाहायला हवं. मागच्या तारखेपासून लागू होणारी ओळ मास्टरमध्ये चढली की त्या तारखेपासून पास झालेली सगळी बिलं पुन्हा ताडून फरकाची यादी निघाली पाहिजे. ही फेरतपासणी आपल्याकडे बंद ठेवलेली होती. काल ती चालवली. १ ते १७ जुलैमधलं दुसरं बिल सापडलं नाही.

राहिलेलं काम आपल्याच कचेरीत बसून, कसलाही आकार न घेता करून देऊ. आमचे दोघे सोमवारी येतील. त्यांच्यासाठी एकच गोष्ट काढून ठेवा: चालू सप्लायरांचे मूळ करार आणि त्यावरची दर-दुरुस्तीची सगळी पत्रं किंवा मेल. पहिल्यांदा मास्टर भरताना आम्ही दर मागच्या पास झालेल्या बिलांवरून उचलले होते, त्यामुळे आधीच जादा लागलेला एखादा दर ‘कराराचा’ म्हणून बसला असण्याची शक्यता आहे. आता प्रत्येक ओळीसमोर कराराच्या पत्राची तारीख लिहिली जाईल. दर भरेल तो आपला परचेसचा माणूस, आणि पत्र पाहून मंजूर करेल तो अकाउंट्सचा. तोवर २ टक्क्यांचा टॉलरन्स आजच काढा आणि तेलाची बिलं हाताने लिटरवर भागून पास करा.