‘जास्त बचत वाईट कशी?’ या प्रतिक्रियेला उत्तर

वाचकाची प्रतिक्रिया: “जास्त बचत केल्याने देशाचा उपभोग कायमचा घटू शकतो, हे सामान्य बुद्धीला न पटणारे आहे. सोलोचे प्रतिमान वर्गात घोकून घेणाऱ्यांना प्रत्यक्ष अर्थव्यवस्था दिसत नाही. बचत वाढली की वाढीचा दर वाढतो, हे शेंबडे पोरही सांगेल. आणि लेखात एकही उदाहरण सोडवून दाखवलेले नाही.”

महोदय,

शेवटचे वाक्य मान्य. लेखात उदाहरण सोडवून दाखवले असते तर बरे झाले असते, म्हणून ते आता सोडवतो. ‘घोकून घेणाऱ्यां’विषयी एवढेच सांगतो की, हे प्रकरण मी निवृत्तीपर्यंत पदवीच्या वर्गांना शिकवले आणि तुमची शंका दरवर्षी कोणी ना कोणी विचारत असे. मात्र ती विचारताना शेंबड्या पोराची साक्ष काढण्याची गरज त्यांपैकी कोणालाही वाटली नव्हती.

आता तुमचे पहिले वाक्य घेऊ. सोलोचे प्रतिमान म्हणजे बचत, भांडवल आणि घसारा यांवरून अर्थव्यवस्था दीर्घकाळात कुठे स्थिरावते, हे दाखवणारे अर्थतज्ज्ञ रॉबर्ट सोलो यांचे गणित. लोकसंख्या आणि तंत्रज्ञान स्थिर आहे, दरडोई भांडवल k असताना दरडोई उत्पादन y = √k आहे आणि दरवर्षी भांडवलाचा १० टक्के भाग घसाऱ्यात जातो, असे समजा. बचतीचा दर ३० टक्के असेल, तर नवी गुंतवणूक आणि घसारा यांची बरोबरी भांडवल ९ असताना होते, कारण तेव्हा उत्पादन ३, गुंतवणूक ०.९ आणि घसाराही ०.९ असतो. हीच स्थिर अवस्था, आणि तीत उपभोग २.१ आहे. बचत ५० टक्के केली, तर भांडवल २५ वर स्थिरावते, उत्पादन ५ होते आणि उपभोग २.५ होतो. इथवर तुमची सामान्य बुद्धी खूश राहील.

पण बचत ७० टक्के करा. भांडवल ४९ होते, उत्पादन ७ होते, घसारा भरून काढायलाच ४.९ लागतात आणि खायला उरतात पुन्हा २.१, म्हणजे ३० टक्के बचत करणाऱ्याला मिळत होते तेवढेच. कारण असे की, भांडवलाचा प्रत्येक वाढीव नग आधीच्या नगापेक्षा कमी उत्पादन देतो, पण घसारा मात्र तेवढाच मागतो. भांडवल २५ असताना शेवटच्या नगाची सीमांत उत्पादकता नेमकी ०.१, म्हणजे घसाऱ्याच्या दराइतकी असते. त्यापुढे प्रत्येक नग स्वतःच्या देखभालीपुरतेही कमावत नाही. स्थिर अवस्थेतील उपभोग सर्वाधिक ठेवणाऱ्या या पातळीला एडमंड फेल्प्स यांनी १९६१ मध्ये सुवर्ण नियम म्हटले. माझे वडील इचलकरंजीत यंत्रमाग चालवत आणि दरवर्षीचा नफा नव्या मागांत घालत. अखेरीस जुन्या मागांची दुरुस्तीच नव्या मागांची कमाई खाऊ लागली. हे मी घरात पाहिले आहे, त्यामुळे मला प्रत्यक्ष अर्थव्यवस्था दिसत नाही असे कोणी म्हटले की हसू येते.

तुम्ही ज्याकडे पाहिलेच नाही, तो मुद्दा याहून रंजक आहे. ७० टक्के बचत करणाऱ्या देशाने ती ५० वर आणली, तर उपभोग त्याच क्षणी २.१ वरून ३.५ वर जातो आणि मग हळूहळू २.५ वर उतरतो, म्हणजे आजच्या पिढीचाही फायदा आणि पुढच्या पिढ्यांचाही. उलट ३० वरून ५० वर जाणाऱ्या देशाला आधी उपभोग २.१ वरून १.५ वर आणावा लागतो आणि जुना २.१ परत गाठायला सुमारे १८ वर्षे लागतात. म्हणून सुवर्ण नियमाच्या खाली असणाऱ्या देशाने बचत वाढवावीच, असे हे प्रतिमान सांगत नाही. तिथे आजच्या पिढीचा त्याग आणि उद्याच्या पिढीचा लाभ यांत निवड करावी लागते आणि ती आकडेमोडीने सुटत नाही. वर असणाऱ्या देशाला मात्र निवडच नसते, कारण कमी बचतीने सर्वांचेच भले होते.

वाढीच्या दराबद्दल: तो वाढतो, पण तात्पुरता. वरील उदाहरणात ३० वरून ५० वर गेल्यावर उत्पादन सुरुवातीला वर्षाला ३ टक्क्यांहून अधिक वेगाने वाढते आणि विसाव्या वर्षाच्या सुमारास एक टक्क्याहूनही कमी. तो काळ लांबलचक असल्यामुळे चालू दशकाचे आकडे पाहणाऱ्याला वाढ कायमची वाटते, एवढेच. लेखात हे स्पष्ट लिहिले होते; वाचायचे कष्ट घेतले असते तर बरे झाले असते.

एखादा देश रेषेच्या कोणत्या बाजूला आहे, हे पाहायचे असेल तर बचतीचा दर एकटा पुरत नाही. एबेल, मॅन्क्यू, समर्स आणि झेकहाउझर यांनी १९८९ मध्ये एक कसोटी दिली: भांडवलधारकांना मिळणारे उत्पन्न दरवर्षी होणाऱ्या गुंतवणुकीपेक्षा सतत जास्त असेल, तर देश अतिबचत करत नाही. आपल्या उदाहरणात भांडवलाला उत्पादनाचा निम्मा वाटा मिळतो, त्यामुळे ७० टक्के गुंतवणारा देश या कसोटीत सरळ नापास होतो. अमेरिका आणि इतर काही मोठे औद्योगिक देश मात्र त्यांच्या तपासणीत उत्तीर्ण झाले. पुढची प्रतिक्रिया लिहिण्याआधी भांडवलाचे उत्पन्न आणि गुंतवणूक हे राष्ट्रीय खात्यांतले दोन आकडे शेजारी मांडून पाहावेत, ही विनंती.